उठल्या उठल्या ठणकणारी कानशिलं

नमस्कार श्रोतेहो. सध्या सोयाबीनचे दिवस आहेत. लातूरच्या मोंढ्यात सौदा सुरू झाला की आडतीवर मुनिमाला मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका मुनिमाची गोष्ट सांगतो. वय बेचाळीस. मी दातांचा डॉक्टर, पण त्यांचं मूळ दुखणं दातांचं नव्हतंच. आधी चष्म्याचा नंबर बदलून झाला होता, पित्ताच्या गोळ्या झाल्या होत्या, कुणीतरी अर्धशिशी म्हणून औषधही दिलं होतं. शेवटी गरम चहा दाढेला झोंबायला लागला, तेव्हा स्वारी दातांच्या डॉक्टरकडे वळली.

म्हणाले, "डाक्टर, सकाळी उठलं की दोन्ही कानशिलं ठणकायलेत. भाकरीचा पहिला तुकडा चावताना जबडा धरून आल्यासारखा वाटतो. दहा-अकरा वाजले की आपोआप उतरतंय."

हे 'आपोआप उतरतंय' मी लिहून ठेवलं. दिवसभराच्या ताणाचं डोकं बहुतेक वेळा दुपारनंतर चढत जातं. अर्धशिशी बहुधा एका बाजूला ठोके देत येते, मळमळ होते, उजेड नको वाटतो. यांचं उलटं होतं. झोपून उठल्यावर सगळ्यात जास्त आणि जसजसा दिवस वर येईल तसतसं कमी. म्हणजे जे काही घडतंय ते रात्री घडतंय.

सोबत त्यांची बायको होती. ती जरा दबकतच म्हणाली, "रात्री हे दात खातेत हो. मला आधी वाटलं, कोपऱ्यातल्या पोत्याला उंदीर लागला. उठून लाइट लावला, तर आवाज ह्यांच्या तोंडातून."

आपल्याकडे झोपेत दात खाणाऱ्याला लगेच जंताचं औषध देतात. लहान लेकरांच्या बाबतीत तर हे घरोघरी चालतं. जंत झाले असतील तर औषध जरूर घ्यावं, पण मोठ्या माणसाच्या दात खाण्याचं कारण जंतांमध्ये शोधून हाती काही लागत नाही. झोप मधूनमधून क्षणभर चाळवते, नाडी किंचित वाढते आणि त्याच्या पाठोपाठ जबड्याचे स्नायू आवळले जातात. माणसाला याचा पत्ता नसतो. मनावरचा ताण, रात्री उशिराचा चहा, दारू, तंबाखू यांनी हे वाढतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वाढतं. मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, ज्यांनी दिल्या त्यांना सांगायचं.

आता दात घासले जातात तोंडात, मग दुखतं कानशिलाला, ते कसं? ऐकता ऐकता एक करून बघा. दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवा, भुवई संपते त्याच्या जरा मागे. आता दाढा घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी फुगून वर आलं ना? तो चावण्याचा स्नायू आहे. पंख्यासारखा डोक्याच्या बाजूला पसरलेला असतो आणि त्याचं खालचं टोक जबड्याला चिकटलेलं असतं. दुसरा स्नायू गालात, कानाच्या पुढे खाली. तोही आवळल्यावर हाताला लागतो. हे दोघं रात्री राबले की सकाळी अंग धरतं, जसं पहिल्या दिवशी कापूस वेचल्यावर कंबर धरते. डोकं आतून दुखतंय असं वाटतं, पण दुखतो तो हा वरचा स्नायू.

मुनिमांच्या कानशिलावर मी बोटाने सावकाश दाबलं आणि विचारलं, "रोजचं दुखणं ते हेच का?" ते चटकन म्हणाले, "हेच. अगदी हेच." नुसतं दाबल्यावर दुखणं पुरेसं नाही, जोरात दाबलं तर कुणालाही दुखतं. ओळखीचं दुखणं उठलं पाहिजे. तोंडात पाहिलं तर दाढांचे उंचवटे सपाट झालेले, एका दाढेतलं सिमेंट चिरलेलं, जिभेच्या कडेला दातांचे ठसे आणि गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी रेघ. तरी एक सांगतो. झिजलेले दात जुन्या सवयीचेही असू शकतात आणि पुष्कळ माणसं आयुष्यभर दात खातात, त्यांना काहीच दुखत नाही. म्हणून मी दातापेक्षा सकाळच्या दुखण्यावर आणि बायकोच्या कानांवर जास्त विश्वास ठेवला.

तोंड उघडायला लावलं. स्वतःची तीन बोटं उभी आत गेली. आपल्या भागात हे बघावंच लागतं, कारण गुटखा-सुपारीने तोंड हळूहळू आवळत जातं आणि तो आजार वेगळा आहे. तीन बोटं जात नसतील, तोंडात जळजळ होत असेल, तर त्याची तपासणी आधी. बायकोला घोरण्याबद्दलही विचारलं. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडणं, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या येणं, हे असेल तर सकाळच्या डोकेदुखीचं मूळ झोपेतल्या श्वासात असू शकतं. यांचं तसं नव्हतं.

मग दातांचं माप घेऊन वरच्या दातांवर बसेल अशी कडक ॲक्रिलिकची पट्टी करून दिली. खालचे सगळे दात तिच्यावर सारखे टेकतील अशी घासून घेतली. ही पट्टी दात खाणं बंद करत नाही, हे मी आधीच सांगतो. दातांऐवजी ती झिजते, आणि बऱ्याच जणांचा सकाळचा ठणका तिने कमी होतो. दुकानातली मऊ रबरी पट्टी स्वस्त मिळते, पण काही माणसं ती च्युइंगमसारखी चावत बसतात आणि दुखणं वाढतं. पट्टी थंड पाण्याने, ब्रशने धुवायची. गरम पाण्यात टाकली की आकार जातो. आणि दुखणं घालवायला दात कानशीने घासून 'चाव बरोबर करतो' असं कुणी म्हटलं, तर नको म्हणा. घासलेला दात परत येत नाही.

रात्र आपल्या हातात नसते, दिवस असतो. मुनीम हिशेब करताना दाढा आवळून बसायचे, हे मी त्यांना तिथेच दाखवलं. जेवताना आणि घोट गिळताना सोडून वरचे-खालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला. लक्षात कसं राहणार? त्यांनीच तोड काढली. शेतकऱ्याची हिशेबपट्टी फाडून दिली की जबडा सैल सोडायचा. सौद्याच्या दिवसांत पन्नासेक वेळा तरी आठवण होत असेल. रात्री दहाचा चहा बंद केला, झोपण्याआधी ओल्या गरम फडक्याने पंधरा मिनिटं गाल आणि कानशिलं शेकायला सांगितली. पंधरा दिवस कडक भाकरी चुरून, कालवून खायची. तंबाखूची पुडी मात्र अजून निम्मीच सुटली आहे.

डोकेदुखीची गोळी ते रोज घ्यायचे. महिन्यातून पंधरा दिवस आणि त्याहून जास्त वेळा, असं महिनोन्‌महिने चाललं तर गोळीच डोकं दुखवू लागते. ती कमी करत आणली.

पन्नाशीनंतर मात्र कानशील नव्यानेच दुखू लागलं, चावताना जबडा थकून थांबावं लागलं किंवा नजर अंधुक झाली, तर पट्टीच्या नादी लागू नका. रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि डोळा जाऊ शकतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. चालताना जबडा दुखतो आणि उभं राहिलं की दुखायचा थांबतो, तर तपासणी हृदयाची.

सहा आठवड्यांनी मुनीम पट्टी डबीत घेऊन आले. सकाळचं दुखणं आठवड्यातून एखाद्या दिवसावर आलं होतं. पट्टीवर दोन्ही बाजूंना नखाएवढे घासल्याचे चट्टे होते. बायको म्हणाली, "आवाज अजून येतो, पण करकर नाही, खुटखुट."