वाचणाऱ्याचा हिशेब: विकत, उसनं, वाचनालय की ई-वर्गणी?

(कोल्हापुरातील एका व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, पुस्तकावर छापलेली किंमत आणि पुस्तक वाचायला पडलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज बोलायचं आहे ते दुसरीबद्दल. त्यासाठी एक वाचक समोर धरू. राहतो राजारामपुरीत, वाचतो महिन्याला सहा पुस्तकं, म्हणजे वर्षाला ७२. पुस्तकांसाठी महिन्याला ५०० रुपये काढतो, म्हणजे वर्षाला ६,०००. पुढचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या वाचनालयाचे आणि तुमच्या रिक्षा-बसचे आकडे घालून बघा, रीत बदलत नाही.

सरासरी ३०० रुपयांचं पुस्तक प्रदर्शनात वीस टक्के सवलतीनं २४० ला मिळालं असं धरलं, तरी ७२ पुस्तकांचे १७,२८० रुपये होतात. ६,००० मध्ये २५ येतात. तेव्हा सगळं विकत घेणं बाद. इथपर्यंत कुणाचंच दुमत नसतं. घोळ होतो तो पुढे.

वाचनालय स्वस्त, हे सगळे म्हणतात, पण ते म्हणताना वर्गणीच मोजतात. आपल्याकडे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, शिवाय पेठापेठांत आणि उपनगरांत लहान वाचनालयं आहेत. समजा वर्गणी महिना ५० रुपये आहे, एका कार्डावर एका वेळी एकच पुस्तक मिळतं आणि जाण्यायेण्याला ३० रुपये लागतात. सहा पुस्तकांसाठी सहा खेपा झाल्या. वर्गणी ५० आणि प्रवास १८०, एकूण २३०. खरा खर्च रस्त्यावर होतोय! आता दुसरं कार्ड काढा. वर्गणी १०० झाली, पण खेपा तीनच, त्यांचे ९०. एकूण १९०. वर्गणी दुप्पट करून महिन्याला ४० रुपये वाचले. वाचनालय रोजच्या वाटेवर असेल तर मात्र दुसऱ्या कार्डाची गरज नाही, कारण तिथे खेपेला वेगळा पैसा पडतच नाही. म्हणून सभासद होताना वर्गणीच्या आधी दोन गोष्टी विचारा: एका कार्डावर पुस्तकं किती, आणि किती दिवसांसाठी.

अनामत हा खर्च नव्हे, ती परत मिळते. पावती मात्र जपून ठेवावी लागते. पण अनामतीचा एक परिणाम उशिरा कळतो. अनेक ठिकाणी अनामतीपेक्षा जास्त किमतीचं पुस्तक घरी देत नाहीत. २५० रुपये अनामत ठेवली आणि ६०० रुपयांची कादंबरी मागितली, तर ती तिथेच बसून वाचायला सांगतात. जाड पुस्तकं वाचणाऱ्यानं अनामत थोडी जास्त ठेवलेली बरी.

आता खरा प्रश्न: आपल्याला हवी ती पुस्तकं तिथे आहेत का? यासाठी 'हजारो ग्रंथांची संपदा' ही पाटी उपयोगाची नाही. घरी बसून वीस पुस्तकांची यादी करा. दहा गेल्या वर्षात वाचलेली, दहा पुढे वाचायची. ती घेऊन वाचनालयात जा आणि प्रत्येक नावापुढे दोन खुणा करा: सूचीत आहे का, आणि आज कपाटात आहे का. समजा वीसपैकी पंधरा सूचीत सापडली आणि नऊ कपाटात. मधली सहा बाहेर गेलेली असतील किंवा गहाळ. बाहेर असतील तर नाव नोंदवून मिळतील. पण तेच पुस्तक दोन महिन्यांनीही 'बाहेरच' असेल, तर ते गहाळ समजावं आणि यादीतून काढावं.

हीच यादी ई-वर्गणीला लावा, पैसे भरण्याआधी. इथे बहुतेक जण फसतात, कारण ई-दुकानात पुस्तक दिसणं आणि ते वर्गणीत असणं एक नव्हे. पुष्कळ पुस्तकं दुकानात असतात, पण वर्गणीदारालाही ती वेगळे पैसे देऊनच मिळतात. अमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या ई-पुस्तकांच्या मासिक वर्गणीचं उदाहरण घ्या. ई-दुकानातल्या त्या पुस्तकाच्या पानावर वर्गणीत वाचता येतं अशी स्पष्ट खूण असेल, तरच मोजा. एका वेळी २० पुस्तकं ठेवता येतात, त्यामुळे अडचण संख्येची नाही, निवडीची आहे. इंग्रजी रहस्यकथा वाचणाऱ्याला वीसपैकी दहा सापडतील. मराठी ललित वाचणाऱ्याला तीन सापडली तरी पुष्कळ.

तीन सापडली म्हणून वर्गणी सोडायची का? सोडायची नाही, तोडून घ्यायची. महिना १७० रुपये धरले तर वर्षाचे २,०४० होतात. त्यापेक्षा वर्गणीतल्या पुस्तकांची नावं चार महिने नुसती लिहून ठेवा. चार साठली की एक महिना वर्गणी भरा, ती चार वाचा, थांबवा. पुस्तकामागे साडेबेचाळीस रुपये पडले. पैसे भरल्याच दिवशी स्वयंचलित नूतनीकरण रद्द करून टाका. भरलेला महिना संपेपर्यंत वाचता येतं, आणि विसरल्यामुळे जाणारा पुढचा हप्ता वाचतो. वर्गणी संपली की उतरवलेली पुस्तकंही उघडत नाहीत, म्हणून अर्धवट पुस्तक महिनाअखेरीस हाती ठेवू नये.

फुकट आणि कायदेशीर पुस्तकंही आहेत. राज्य मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे, आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात. पण स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते. सहा इंची पडद्यावर ती वाचायची तर पडदा आडवा धरून अर्धं-अर्धं पान वाचावं, नाहीतर संगणकावर.

उसन्या पुस्तकाबद्दल एवढंच: मित्राच्या कपाटातून वर्षाला दोन-तीन पुस्तकं, त्यापुढे त्याच्यावर भार टाकू नये. घेतल्याची तारीख स्वतःच्या वहीत लिहावी. देणारा सहसा लिहीत नाही, फक्त लक्षात ठेवतो.

आता आपल्या वाचकाचं वर्ष मांडू. वाचनालयातून ४८ पुस्तकं, दोन कार्डांवर २४ खेपांत: वर्गणी १,२०० आणि प्रवास ७२०, म्हणजे १,९२०. ई-वर्गणी तीन महिने, त्यात १२ पुस्तकं, ५१० रुपये. उसनी दोन. उरलेली दहा विकत, २,४०० रुपयांना. पहिल्या वर्षी दोन कार्डांची अनामत १,०००. बेरीज ५,८३०. शिल्लक १७० रुपये विलंबशुल्काला लागतील, आणि लागतातच. दुसऱ्या वर्षी अनामतीचे हजार मोकळे होतात, त्यात आणखी चार पुस्तकं येतात.

ती दहा कोणती, यावर माझं मत पक्कं आहे. वीसच्या यादीत जी वाचनालयातही नाहीत आणि वर्गणीतही नाहीत, ती आधी. त्यानंतर वाचनालयातून वाचून परत केल्यावर महिन्याभरात पुन्हा हवीशी वाटली ती. न वाचलेलं पुस्तक नुसत्या परीक्षणावरून घेणं या अंदाजपत्रकात बसत नाही.

जुनं पुस्तक घेताना मुखपृष्ठापेक्षा बांधणी बघा. बहुतेक पुस्तकं सोळा पृष्ठांच्या फर्म्यांत छापतात आणि फर्मे एकावर एक रचून शिवतात किंवा चिकटवतात. चूक झाली तर एकदम सोळा पृष्ठं गायब असतात, किंवा तीच सोळा दुबार येतात. म्हणून १६–१७, ३२–३३, ४८–४९ असे सांधे उघडून आकडे जुळतात का बघा. प्रस्तावनेची पानं वेगळ्या आकड्यांत असतील तर सांधा पुढेमागे सरकतो, तेव्हा पहिला सांधा शोधून तिथून सोळा-सोळानं पुढे जा. नव्या पुस्तकात फर्मा कमी निघाला तर पावती दाखवून प्रत बदलून मिळते, जुन्यात नाही. आणि जून ते सप्टेंबर या काळात जुनं पुस्तक घेतलं, तर पान नाकाशी धरून बघा. कुबट वास आला तर कितीही स्वस्त असो, आपल्या पावसात ते शेजारच्या पुस्तकांनाही बुरशी लावतं.