क्विंटलात मोजलेला नफा

(वाशीम जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

आपल्याकडं बियाणं सवाईनं द्यायची जुनी रीत होती, हे इथल्या पांढऱ्या टोपीवाल्यांना आठवत असेल. पेरणीला चार पायल्या ज्वारी न्यायची आणि सुगीला पाच पायल्या परत करायची. व्याज जबर होतं, त्याची तारीफ मी करत नाही. पण देणाऱ्याचा हिशेब बघा. ज्वारी मधल्या काळात महाग झाली काय न् स्वस्त झाली काय, त्याच्या कणगीत चारच्या पाच पायल्या व्हायच्या. आपला नफा किती, याबद्दल त्याची फसगत होतच नव्हती, कारण तो मोजत होता पायलीत.

आपण मोजतो रुपयात, आणि तेही जुन्या रुपयात. वस्तू ज्या दिवशी ज्या किमतीला घेतली ती किंमत वहीत लिहायची आणि पुढं तीच चालवायची, याला मूळ खर्चाची पद्धत म्हणतात. तिचा फायदा उघड आहे. पावती असते, ऑडिटर ती तपासू शकतो, कुणाच्या मनच्या आकड्याला जागा राहत नाही. गडबड होते ती भाव चढत असताना. विक्री आजच्या रुपयात लिहिली जाते आणि तिच्यासमोर खर्च मात्र कालच्या रुपयात. दोन वेगळ्या मापांची वजाबाकी होते आणि उरलेल्या आकड्याला आपण नफा म्हणतो.

एक कंपनी धरू. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. तिची डाळ मिल आहे. गेल्या हंगामात तिनं 500 क्विंटल तूर 7,000 च्या भावानं घेतली, म्हणजे 35 लाख गुंतले. डाळ आणि चुनी विकून आले 44.5 लाख. मजुरी, वीज, बारदाना मिळून 2 लाख गेले. मशीन आणि शेड आठ वर्षांपूर्वी 10 लाखांत उभं केलं, आयुष्य दहा वर्षं धरलं, म्हणून घसारा वर्षाला 1 लाख. वजाबाकी करा, नफा 6.5 लाख. टॅक्स दीड लाख धरू. हातात राहिले 5 लाख. सभासद म्हणाले, एक लाख राखीव ठेवा न् चार लाख बोनस वाटून टाका. कायद्यात सगळं बसतं. ऑडिटरनं सही केली. पेढेही वाटले.

आता नवी तूर निघाली. भाव 8,000. कंपनीच्या गल्ल्यात किती आहे? 44.5 लाखांतून खर्चाचे 2, टॅक्सचे 1.5 आणि बोनसचे 4 गेले, राहिले 37 लाख. त्यातला घशाऱ्याचा 1 लाख मशीनसाठी बाजूला ठेवायचा, म्हणजे तुरीसाठी 36 लाख. भागा 8,000 नं. 450 क्विंटल. गेल्या वर्षी 500 क्विंटल घेणारी कंपनी साडेसहा लाख नफा कमावून 450 वर आली! चोरी नाही, उधळपट्टी नाही. 50 क्विंटल तूर बोनस म्हणून घरोघर गेली आणि ती गेली हे कुणाला कळलंही नाही.

कारण सरळ आहे. जी तूर विकली ती परत भरायला 35 नाही, 40 लाख लागतात. नफ्यातले 5 लाख निव्वळ भाव चढल्याचे होते, आणि ते पुढच्या मालात जाणारच होते. सवाईवाल्याच्या भाषेत, ती वाढ पायलीतली नव्हती, नुसती भावातली होती.

दुसरी गळती मशीनची. ती सावकाश होते म्हणून जास्त फसवते. तेच मशीन-शेड आज 18 लाखांना पडत असेल, तर वर्षाची खरी झीज 1 लाख 80 हजारांची झाली. वहीत एकच लाख. म्हणजे आणखी 80 हजार नफ्यात फुकट मिसळले. साडेसहातून 5 लाख आणि हे 80 हजार काढा, उरतात 70 हजार. आणि टॅक्स भरला दीड लाख! कारण टॅक्स साडेसहावर लागतो. आयकरात घशाऱ्याचे दर वेगळे असतात, पण तोही मूळ किमतीवरूनच निघतो. गंमत अशी की महागाई निर्देशांकानं मूळ किंमत वाढवून धरायची सोय सरकारनं जमीन, घर अशा मालमत्तेच्या विक्रीला वर्षानुवर्षं दिली, घसारा मिळणाऱ्या यंत्राला कधीच दिली नाही.

हे मीच शोधलेलं नाही. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात महागाई भडकली तेव्हा तिथल्या हिशेबनीसांनी 1980 मध्ये चालू किमतीच्या हिशेबाचं मानकच काढलं. विकलेल्या मालाची आणि घशाऱ्याची अशा आपण केल्या तशाच दुरुस्त्या त्यात होत्या. महागाई उतरली, कंपन्यांना काम जड वाटायला लागलं आणि 1988 मध्ये ते मागं घेतलं गेलं. आपल्या चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेनं 1982 मध्ये मार्गदर्शक टिपण काढलं, पण ते ऐच्छिक. ऐच्छिक गोष्ट कोण करतं, तुम्हीच सांगा.

आता या हिशेबाला मर्यादा कुठं आहेत तेही सांगतो, नाहीतर इथून उठून कुणी भलतंच करेल. सप्टेंबरात तूर चढते आणि नवा माल आला की उतरते. तो चढ म्हणजे महागाई नाही. वर्षातून एकदाच खरेदी करणाऱ्यानं दिवाळीचा भाव धरायचा नाही, पुढच्या हंगामाच्या खरेदीचा धरायचा. आणि भाव कायम चढतात असंही नाही. 2015 मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती आणि 2016-17 ला एवढं पीक आलं की तूर 5,050 च्या हमीभावाखाली विकावी लागली. तसं झालं तर वही उलट बोलते. ती तोटा दाखवते, आणि तेवढ्याच क्विंटलांना पुढं पैसे मात्र कमी लागतात.

बँकेचं कर्ज असलं तरी चित्र बदलतं. निम्मी तूर कॅश क्रेडिटवर घेतली असेल तर बँक रुपये परत मागते, क्विंटल नाही. भाव चढल्यावर बँकेनं मर्यादाही तेवढीच वाढवली, तर 5 लाखांपैकी अडीचच तुमच्या खिशातून जातील. ब्रिटिश मानकात यासाठीही वेगळी दुरुस्ती होती. उधारी मात्र याच्या उलट. व्यापाऱ्याकडं सहा महिने अडकलेले रुपये तिथंच बारीक होत जातात.

करायचं काय? खतावणीत रुपयांच्या शेजारी क्विंटलचा रकाना ठेवा. मशीन कितपत जुनं झालं ते ताळेबंदातच कळतं. आजवरच्या एकूण घशाऱ्याला वर्षाच्या घशाऱ्यानं भागा, साधारण वय निघतं. दर दोन वर्षांनी त्याच मशीनचं नवं कोटेशन मागवा. फरकाची रक्कम वेगळ्या राखीव निधीत टाका. टॅक्स त्यानं वाचणार नाही, तो खर्च धरला जात नाही. पण वाटायच्या रकमेतून ती बाहेर राहते.

मागून एक भाऊ विचारताहेत, “मंग सायेब, या कंपनीनं बोनस किती वाटाचा होता?” करा हिशेब. काहीच वाटलं नसतं तर गल्ल्यात 41 लाख. मशीनचा 1 लाख काढला की 40 लाख, म्हणजे बरोबर 500 क्विंटल. मशीनचे 80 हजार तरीही कमीच पडतात.