एका शुक्रवारची रोझरी

(दृश्य: वसईतलं एक घर, दिवेलागणीची वेळ. अल्तारापुढे मेणबत्ती. आजीच्या हातात लाकडी मण्यांची माळ.)

आज शुक्रवार. घरात रोझरी आहे, म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हणायची कॅथलिक प्रार्थना. आजी माळेचा क्रूस बोटांत धरते, क्रूसाची खूण करते आणि घरातले सगळे तिच्यासोबत विश्वासाचा अंगीकार म्हणू लागतात.

ही माळ नीट पाहा. 59 मणी आहेत, 53 लहान आणि 6 मोठे. क्रूसापासून वर जाणाऱ्या छोट्या शेपटीवर एक मोठा मणी, मग तीन लहान, मग पुन्हा एक मोठा. तिथून मेडल, आणि मेडलपासून सुरू होऊन मेडलपाशीच मिटणारं मोठं कडं. त्या कड्यात दहा-दहा लहान मण्यांची पाच दशकं.

शेपटीच्या पहिल्या मोठ्या मण्यावर ‘आमच्या स्वर्गातील बापा’. पुढच्या तिन्ही लहान मण्यांवर एकेक ‘नमो मारिया’, श्रद्धा, आशा आणि प्रीती मागण्यासाठी. मग पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव.

(दृश्य: आजीच्या मांडीला टेकून बसलेला नातू माळ उलटसुलट करतो.)

नवख्याचा गोंधळ नेमका इथे होतो. दशकं पाच, पण कड्यात मोठे मणी चारच. मग पाचवा कुठे गेला? तो शेपटीवरच आहे, मेडलच्या अलीकडचा. प्रत्येक दशकात येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात आणायचा, त्यालाच रहस्य म्हणतात. पहिल्या रहस्याचं ‘आमच्या बापा’ या मण्यावर म्हणायचं आणि मेडल ओलांडून पहिल्या दहा मण्यांवर यायचं. एवढं एकदा हाताला कळलं की माळ पुन्हा चुकत नाही.

शुक्रवारी आणि मंगळवारी दुःखाची रहस्यं. आजी पहिलं सांगते: गेथसेमनी बागेत येशूची वेदना. क्षणभर कोणी बोलत नाही. त्या शांततेत ती बाग डोळ्यांसमोर आणायची असते. ऑलिव्हची झाडं, जवळच झोपी गेलेले शिष्य, आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असं म्हणणारा एकटा येशू. मगच ‘आमच्या बापा’, आणि मग दहा वेळा ‘नमो मारिया’.

या प्रार्थनेचे दोन भाग आहेत. पहिल्यात देवदूताचं अभिवादन आणि एलिझाबेथचे शब्द, दोन्ही लूकच्या शुभवर्तमानातले. तो आजी म्हणते. दुसऱ्या भागात आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी विनंती कर, अशी याचना. ती बाकीचे म्हणतात. दोन्ही भाग जिथे जुळतात तिथे ‘येशू’ हे नाव येतं. घाई झाली की सगळ्यात आधी हेच नाव गिळलं जातं. आजीचा भाग संपायच्या आत बाकीच्यांचा सुरू होतो आणि बाग डोळ्यांपुढून निघून जाते. म्हणून आजी त्या नावावर किंचित थांबते. तो अर्धा श्वास मला सगळ्या रोझरीचं हृदय वाटतो.

(दृश्य: अंगठा आणि तर्जनीमधून सरकणारा मणी.)

आकडा तोंडाने मोजत नाहीत, बोटं मोजतात. दहावा मणी सरला की साखळीचा मोकळा तुकडा बोटाला लागतो. म्हणजे आता गौरव म्हणायचा. त्यानंतर बऱ्याच घरांत, 1917 च्या फातिमाच्या दर्शनांनंतर रूढ झालेली ‘हे माझ्या येशू’ ही छोटी प्रार्थना होते. मग मोठा मणी, दुसरं रहस्य.

“आजी, माझा एक मणी सुटला.”
“असू दे, बाळा. आता आहेस तिथून पुढे चल.”

ती बरोबर सांगते. एखादी नमो मारिया कमी-जास्त झाली म्हणून दशक पहिल्यापासून म्हणायची गरज नाही.

दुसरं रहस्य फटक्यांचं, तिसरं काट्यांच्या मुकुटाचं, चौथं क्रूस वाहण्याचं, पाचवं क्रूसावरच्या मरणाचं. प्रत्येकाला तीच दहा मण्यांची चाल.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारी प्रकाशाची, योहानाकडून बाप्तिस्म्यापासून शेवटच्या भोजनापर्यंतची. ही पाच पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये सुचवली. त्याआधी रहस्यं पंधराच होती आणि रोजची पाच म्हणजे एक तृतीयांश. पोर्तुगीजमध्ये एक तृतीयांशाला ‘तेर्सु’ म्हणतात, म्हणून गोव्यात रोझरीला आजही ‘तेर्स’ म्हणतात. रहस्यं वीस झाली, नाव तेच राहिलं.

(दृश्य: बोटं मेडलपाशी परत आलेली.)

शेवटी मरियेला राणी म्हणून वंदन. आजी क्रूसाचं चुंबन घेते आणि माळ डबीत ठेवते. आज या घरात 53 वेळा देवदूताचं अभिवादन म्हटलं गेलं. उद्या शनिवार. उद्याचं पहिलं रहस्य आहे, देवदूत ते अभिवादन घेऊन मरियेच्या दारी आला तो प्रसंग.