दहा टक्के, पण कशावर?

नमस्कार श्रोतेहो. घसारा म्हणजे काय, हे दुकानाची खातेवही पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून आज मी थेट त्यातल्या एका चुकीविषयी बोलणार आहे. सरळ रेषा पद्धतीत घसारा दरवर्षी मूळ किमतीवर काढतात, तर ऱ्हासमान शेष पद्धतीत तो वर्षारंभी खात्यात उरलेल्या किमतीवर काढतात. पुन्हा सांगतो, एकीकडे मूळ किंमत आणि दुसरीकडे उरलेली किंमत.

१९९४ साली मी एका मसाला कांडप गिरणीचे हिशेब नुकतेच लिहू लागलो होतो. गिरणीच्या मालकांनी १ एप्रिल १९९१ रोजी एक यंत्र ९२,००० रुपयांना घेतले होते, आणि वाहतूक व बसवणी यांचे ८,००० रुपये यंत्र खात्यालाच नावे टाकल्यामुळे त्याची किंमत १,००,००० रुपये धरली होती. ३१ मार्च १९९४ रोजी ते यंत्र ७२,००० रुपयांना विकले गेले, तेव्हा मालकांनी मला विचारले, "काय हो, या विक्रीत नफा झाला की तोटा?" घसाऱ्याचा दर दहा टक्के आहे एवढे मला ठाऊक होते. दरवर्षी दहा हजार याप्रमाणे तीन वर्षांचे तीस हजार गेले, सत्तर हजार उरले, म्हणून दोन हजार नफा, असे मी खातेवही न उघडताच सांगून टाकले.

त्या रात्री मी तेच आकडे खात्यात चढवले आणि खाते काही केल्या जुळेना. नावे बाजूला आरंभीची शिल्लक ८१,००० आणि नफा २,००० मिळून ८३,००० होत होते. जमा बाजूला घसारा १०,००० आणि विक्रीचे ७२,००० मिळून ८२,०००. हजार रुपयांचा फरक शोधण्यासाठी मी विक्रीची पावती दोनदा तपासली, बेरजा चार वेळा केल्या, आणि तांबड्या पेन्सिलीच्या खुणांनी ते पान भरून गेले. अखेर आमच्या वयोवृद्ध दिवाणजींनी आरंभीच्या शिल्लकेवर बोट ठेवले आणि म्हणाले, "अरे, तुझ्या हिशेबाने इथे ऐंशी हजार हवेत. मग एक्क्याऐंशी हजार कुठून आले, ते आधी बघ."

मागची पाने उलटली तेव्हा उलगडा झाला. पहिल्या वर्षी घसारा १०,००० होता आणि दुसऱ्या वर्षी ९,०००, कारण ते खाते ऱ्हासमान शेष पद्धतीने लिहिले जात होते. तिसऱ्या वर्षी ८१,००० वर दहा टक्के म्हणजे ८,१०० घसारा वजा जाऊन ७२,९०० उरायला हवे होते. यंत्र ७२,००० ला विकले गेले, म्हणजे मी ज्याला दोन हजारांचा नफा म्हटले होते, तो प्रत्यक्षात ९०० रुपयांचा तोटा होता. पुन्हा ऐका: नफा नव्हे, तोटा. आता जमा बाजूला ८,१००, ७२,००० आणि ९०० मिळून बरोबर ८१,००० झाले आणि खाते मिटले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी फार नेमका प्रश्न विचारला: "पण शेवटी माझे अठ्ठावीस हजारच गेले ना?" ते खरेच होते. तीस हजार घसाऱ्यातून दोन हजार नफा वजा केला काय किंवा २७,१०० घसाऱ्यात ९०० तोटा मिळवला काय, उत्तर २८,००० हेच येते. मात्र कोणत्या वर्षाच्या नफ्यातून किती वजा व्हायचे, हे पद्धतीवर ठरते. माझ्या नोंदीमुळे त्या वर्षावर ९,००० ऐवजी निव्वळ ८,००० चा भार पडत होता, आणि तो उरलेला हजार म्हणजेच खात्यातला फरक.

ही चूक पहिल्या वर्षी मुळीच दिसत नाही, कारण तेव्हा मूळ किंमत आणि उरलेली किंमत एकच असते. ती दुसऱ्या वर्षापासून उघडी पडते. नवी खरेदी किंवा विक्री झालेली नसताना आणि दरही तोच असताना घसाऱ्याचा आकडा दरवर्षी तोच राहिला, तर सरळ रेषा पद्धत चालू आहे. तो दरवर्षी घटत गेला, तर ऱ्हासमान शेष पद्धत. दोन्ही पद्धतींची उदाहरणे विद्यार्थ्यांना एकाच दहा टक्के दराने सोडवायला देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण व्यवहारात हे दर एकसारखे नसतात. पंधरा वर्षांचे आयुष्य आणि पाच टक्के अवशेष मूल्य धरले, तर सरळ रेषेचा दर सुमारे ६.३३ टक्के येतो आणि ऱ्हासमान शेषाचा सुमारे १८.१० टक्के. त्यामुळे कोणी आपल्याला नुसता घसाऱ्याचा दर सांगितला, तर तो मूळ किमतीवर की उरलेल्या किमतीवर, हे विचारूनच पेन हातात घ्यावे.