आकडे सोसायटीने भरायचे, रेट ठेकेदाराने

मंडळी, मागच्या खेपेला आमच्या सोसायटीने टाकी सफाई आणि पाइप दुरुस्तीसाठी कोटेशन मागवली, तेव्हा मी सेक्रेटरी होतो आणि पत्र मीच लिहिलं होतं. दोन ओळींचं पत्र. "टाकी साफ करणे व गळके पाइप बदलणे, कृपया दर कळवावेत." बस. तीन कोटेशन आली, एकाने सगळ्याचा मिळून लमसम आकडा दिला, दुसऱ्याने लिटरवर रेट दिला आणि पाइपचा फुटावर, तिसऱ्याने पाइपचा मीटरवर दिला आणि खाली बारीक अक्षरात "फिटिंग वेगळे". कमिटी दोन तास बसली आणि स्वस्त कोण हे कोणालाच सांगता येईना, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिले होते. यात ठेकेदारांची काही चूक नव्हती, पत्रच तसं होतं.

आता लिटरचंच बघा. आमची खालची टाकी आतून ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, अडीच मीटर खोल, म्हणजे ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर. एकाने बाहेरून टेप लावला. भिंती २० सेंटिमीटरच्या, त्यामुळे लांबी ५.४ आणि रुंदी ४.४ झाली, आणि तीच टाकी त्याच्या कागदावर ५९,४०० लिटरची झाली! लिटरचा रेट त्याचा कमी दिसत होता, पण बिल जास्त आलं असतं. म्हणून आता मापं आम्ही घेतो, आतून, आणि पत्रातच छापतो. ठेकेदाराने फक्त रेटचा रकाना भरायचा.

पाइपमध्ये तर याहून जास्त गफलत होते. "दोन इंची जीआय पाइप" एवढंच लिहिलं तर कोणी बी क्लासचा भाव देतो, कोणी सी क्लासचा. दोन इंचीत बी क्लासची जाडी ३.६ मिलिमीटर आणि सी क्लासची ४.५, साहजिकच लोखंड जास्त, भाव जास्त. ओळखायचं कसं, तर पाइपवर पट्टा असतो, बी ला निळा, सी ला लाल. माल आला की लावायच्या आधी पट्टा बघायचा, रंग मारल्यावर काही कळत नाही.

तर आमच्या पत्रात आता हे असं लिहिलेलं असतं:

"गच्चीवरच्या टाकीपासून उतरणारा दोन इंची जीआय पाइप, सी क्लास, ४० मीटर. रेट प्रति मीटर द्यावा. त्यात एल्बो, टी, युनियन, क्लॅम्प, जुना पाइप काढणे, झुला बांधणे, भिंतीची भोकं बुजवणे आणि राडारोडा उचलणे धरावे. जीएसटी वेगळा दाखवावा. निघालेला जुना पाइप सोसायटीचा राहील."

ते शेवटचं वाक्य लहान दिसतं, पण फार महत्त्वाचं आहे. ४० मीटर जुनं लोखंड भंगारात विकलं जातं, एक ठेकेदार ते आपलंच धरून रेट खाली आणतो, दुसरा धरत नाही, आणि आपण उगाच दुसऱ्याला महाग म्हणतो.

सफाईच्या बाबतीतही टप्पे लिहून द्या. पाणी उपसणे, गाळ काढणे, भिंती घासून प्रेशर जेटने धुणे, घाण पाणी पूर्ण बाहेर काढणे, क्लोरीनने निर्जंतुक करणे, पुन्हा धुणे. आणि माणूस आत असताना एक माणूस झाकणाशी उभा, टाकीत हवा खेळती, पंपाचा मेन स्विच बंद. हे मी हात जोडून सांगतो, लिहाच, कारण जो दोनच माणसं आणणार त्याचा रेट चार माणसं आणणाऱ्यापेक्षा कमीच येणार, आणि आत उतरतो त्या पोराच्या जिवावर आपण पैसे वाचवायचे नाहीत.

क्रमही ठरवा, आधी पाइप मग सफाई. टाकीच्या तोंडाशी पाइप कापला की गंजाचे तुकडे आत पडतात, सफाई आधी झाली असेल तर ती फुकट.

सगळ्यांना साइट एकाच दिवशी दाखवायची. कोणी विचारलं की "साहेब, व्हॉल्व्ह पण बदलायचे का," तर उत्तर त्या एकालाच फोनवर द्यायचं नाही, लिहून सगळ्यांना पाठवायचं. पाकिटं बंद, ठरल्या वेळी कमिटीसमोर उघडायची. आणि तुलना रेटची नाही करायची, रेट गुणिले माप करून बेरीज काढायची आणि बेरजा शेजारी शेजारी ठेवायच्या.

भिंतीत लपलेला पाइप किती कुजलाय ते फोडल्याशिवाय दिसत नाही, हे खरं आहे. म्हणून पत्रात एक ओळ ठेवतो की ४० मीटरच्या वर काम निघालं तर तोच रेट लागेल, आणि माप दोघांनी मिळून घेऊन त्याच दिवशी वहीत सह्या करायच्या. यंदा ६ मीटर जास्त निघालं, ४६ मीटरचं बिल त्याच रेटने आलं आणि पास झालं.