टाकी धुणार, पाणी बंद!

नमस्कार श्रोतेहो.

‘बुधवारी टाकी धुणार. सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद. रहिवाशांनी पाणी भरून ठेवावे. – सेक्रेटरी.’ अशी सूचना तुमच्याकडेही येत असेल. आली की ती ग्रुपवरच्या सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. माझं विचाराल तर सूचना लिफ्टमध्येच चिकटवावी. तिथं नाहीतरी लोक आरशात भांग नीट करण्यापलीकडे काही करत नाहीत! असो.

पाणी भरा, हे सूचनेत असतं. कधी भरा, हे नसतं. त्याचीच गंमत सांगतो.

आमच्या इमारतीत ४० घरं, गच्चीवरची टाकी १०,००० लिटरची. रात्री जेवणं उरकली आणि सगळ्यांनी एकदम नळ सोडले. पिंप, बादल्या, टब, पातेली, अगदी कुकरसुद्धा. घरटी २०० लिटर धरले तरी ८,००० लिटर झाले. त्यात रात्रीची भांडी, आंघोळी. पंप मात्र पहाटेपर्यंत बंद. पाचला उठून पाणी भरू म्हणणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या आजींच्या नळाला नुसती हवा! म्हणजे दहाला जाणारं पाणी पाचलाच गेलं. सेक्रेटरींच्या दारात ही गर्दी.

पुढं ऐका. चारला टाकी स्वच्छ झाली, पाणी चढलं. आणि लोकांनी काय करावं? कालचं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतलं आणि ताजं भरायला घेतलं! दिवेलागणीला टाकी पुन्हा रिकामी.

अहो, झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. ते आधी वापरा. पुन्हा सांगतो, आधी साठवलेलं संपवा, मग नवं भरा.

पुढच्या खेपेला सेक्रेटरींनी वेळा वाटून दिल्या. खालच्या मजल्यांनी संध्याकाळी सहाला भरायचं, वरच्यांनी आठला, मधे पंप चालू. आणि रात्री जमिनीखालच्या टाकीत येणारा वॉल्व्ह बंद, म्हणजे आतलं पाणी वापरात संपतं, धुण्याआधी गटारात सोडावं लागत नाही.

किती भरायचं? प्यायला-स्वयंपाकाला एक झाकणाचं पिंप पुरतं. खरं पाणी खातो तो फ्लश, एकदा ओढला की ६ ते १० लिटर. तेव्हा संडासाजवळ दोन बादल्या जास्त, स्वयंपाकघरात एक कमी.

पाणी परत आलं की नळ आधी फुसफुसतो, मग गढूळ येतो, औषधाचा वास येतो. पहिली बादली फरशीला. फिल्टर आणि वॉशिंग मशीन नंतर. पाणी गेलेलं असताना नळ उघडा ठेवून बाहेर जाऊ नका. आणि गिझर बंद ठेवा. पाइपातलं पाणी उतरताना कधीकधी गिझरमधलंही ओढलं जातं, आणि रिकामा गिझर चालू झाला की आतली कॉइल जळते. बाथरूमच्या गरम नळाला सलग धार लागल्याशिवाय बटण दाबू नका.

नमस्कार.