रात्री एकटे असताना काय कराल, ते अर्जात लिहा

(धुळ्यात नुकतीच इंटर्नशिप संपवलेल्या डॉक्टरांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मेडिकल ऑफिसरच्या जागेसाठी येणारे अर्ज मी अनेक वर्षे वाचतो आहे. बहुतेकांत मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, अस्थिरोग, कान-नाक-घसा, नेत्र अशी सगळी पोस्टिंग तारखांसह उतरवलेली असतात. पण एमबीबीएस झालेल्या प्रत्येकाने वर्षभराची फिरती इंटर्नशिप केलेली असतेच. त्या यादीतून मला तुमच्याबद्दल नवे काही कळत नाही. अर्ज वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न असतो. ग्रामीण रुग्णालयात रात्री तुम्ही आणि एक सिस्टर एवढेच असाल, तेव्हा दारात आलेल्या रुग्णाचे काय होईल?

म्हणून आधी ती जागा डोळ्यांसमोर आणा. समजा, मुंबई-आग्रा महामार्गाजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या ग्रामीण रुग्णालयासाठी तुम्ही अर्ज करता आहात. तिथे रात्री प्रसूती येणार, महामार्गावरचे अपघात येणार, कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधा येणार आणि पावसाळ्यात सर्पदंश येणार. तुमच्या सगळ्या पोस्टिंगांमधून या चार गोष्टींशी जोडलेले तेवढेच उचला. नेत्र विभागातले पंधरा दिवस कुणी विचारले तर सांगा.

उचललेले लिहायचे कसे? ‘सर्पदंशाच्या रुग्णांचा अनुभव आहे’ या वाक्यात तुम्ही बघत उभे होता की उपचार करत होता, हे कळत नाही. माझ्या मते खरी रेघ तिथे आहे. स्वतः केलेले, वरिष्ठांच्या देखरेखीखाली केलेले आणि फक्त पाहिलेले, या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. तिसरी शक्यतो लिहूच नका. एका उमेदवाराचा परिच्छेद असा होऊ शकतो:

‘कॅज्युअल्टी व लेबर रूममध्ये रात्रपाळ्या केल्या आहेत. गुंतागुंत नसलेली प्रसूती, जखमेला टाके, शिरेतून सलाईन व अपघातातील रुग्णाची प्राथमिक तपासणी स्वतंत्रपणे करतो. सर्पदंश व कीटकनाशक विषबाधेचे उपचार वरिष्ठांच्या देखरेखीखाली केले आहेत. सिझेरियन व भूल यांचा स्वतंत्र अनुभव नाही. असा रुग्ण स्थिर करून वेळेत पुढे पाठवतो.’

शेवटची दोन वाक्ये वाचून काही जण दचकतात. मला मात्र त्याच वाक्यांमुळे आधीच्या तीन वाक्यांवर विश्वास बसतो. ज्याला आपली हद्द ठाऊक आहे, तो १०८ला वेळेवर फोन करतो.

एक लक्षात ठेवा, जे लिहाल त्यावरच मुलाखत होते. सर्पदंश लिहिलात तर मी विचारेन, पहाटे पोटदुखीचा रुग्ण आला, जमिनीवर झोपला होता, दंशाची खूण दिसत नाही आणि पापण्या जड होत आहेत, तर काय कराल? मण्यारचे नाव तुमच्या तोंडी यायला हवे. काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटांत रक्त गोठले म्हणून तुम्ही त्याला घरी पाठवणार असाल, तर तो अनुभव अर्जात नको. मण्यारचे विष मज्जासंस्थेवर जाते, त्यात रक्त नीट गोठू शकते. श्वासावर लक्ष, प्रतिसर्पविषाच्या पहिल्या दहा व्हायल, रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिन हाताशी, हे ज्याने केले आहे तो अडखळत नाही.

आता रात्रपाळी. ‘चोवीस तास उपलब्ध’ हे सगळेच लिहितात आणि ते कुणालाच पाळता येत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा: राहणार कुठे, रुग्णालयात थांबणार की ऑन कॉल, आणि कधीपासून. ‘रुजू झाल्यापासून क्वार्टरमध्ये मुक्काम करीन. आलटून-पालटून रात्रपाळी घेण्यास तयार आहे. ऑन कॉल असताना दहा मिनिटांत वॉर्डात पोहोचू शकेन.’ एवढ्यावर ड्युटीचा तक्ता लावता येतो. पीजीच्या प्रवेश परीक्षेसाठी रजा लागणार असेल, तर त्याच परिच्छेदात महिना सांगून टाका. आधी कळलेली अडचण भागवता येते. पण ऐन वेळी सांगितली की सहकाऱ्याला सलग दुसरी रात्र काढावी लागते.

अहिराणी, भिलोरी किंवा पावरी समजत असेल, तर ती ओळ रात्रपाळीशेजारीच द्या. धडगावकडून आलेल्या आजीला नेमके कधीपासून आणि कुठे दुखते, हे रात्री दुभाष्या नसताना विचारता येणे हा क्लिनिकल गुणच आहे.

सरकारी जाहिरातीचा ठरावीक नमुना असेल, तर त्यातले अनुभवाचे रकाने पूर्ण भरावे लागतात, तिथे काटछाट नको. निवड करायची ती सोबतच्या पत्रात. आणि पत्रात जे ‘स्वतंत्रपणे’ लिहिले आहे, त्याची लॉगबुकमधली सही झालेली पाने मुलाखतीला जाताना वेगळी काढून न्या.